फोनवर सगळे "सर" म्हणतात: सिगारेटमुळे सुजलेल्या स्वरतंतूंचं काय करायचं, कुठल्या क्रमाने

मी स्पीच थेरपिस्ट आहे, आवाजाचे पेशंट बघते. काही वर्षांपूर्वी एक ताई आल्या होत्या, त्यांची गोष्ट धरून हे सगळं सांगते म्हणजे समजायला सोपं जाईल (ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत). वय ५३, ट्रॅव्हल ऑफिसात नोकरी, दिवसभर फोन, आणि २६ वर्षं रोज १०-१२ सिगारेटी. आवाज हळूहळू जाड होत गेला. आधी टॅक्सीवाले "साहेब, कुठे यायचं" विचारायला लागले, ते त्यांनी हसून सोडून दिलं. मग एकदा बँकेतून फोन आला, जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, तरी पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, मॅडमना फोन द्या." त्या दिवशी त्या रडल्या, असं त्यांनी मला सांगितलं, आणि तोपर्यंत दोन वर्षं ज्येष्ठमध, हळदीचं दूध, गुळण्या आणि कफ सिरप एवढ्यावरच काढली होती.

त्या दोन वर्षांत घसा आतून कुणीच बघितला नव्हता. म्हणून हा लेख.

आत नक्की काय सुजतं

स्वरतंतू म्हणजे व्होकल कॉर्ड, नाव ऐकून तारा वाटतात पण त्या घशात दोन बाजूंना असलेल्या मऊ घड्या आहेत. वर पातळ त्वचेसारखं आवरण, त्याच्या खाली जेलीसारखा एक मऊ थर, आणि त्याच्याखाली घट्ट दोरीसारखा भाग आणि स्नायू. त्या जेलीच्या थरामुळे वरचं आवरण मोकळेपणाने हलतं, लाटेसारखं, आणि आवाजातला गोडवा तिथून येतो. या थराच्या जागेचं वर्णन १८९५ मध्ये राइंके नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने केलं म्हणून या आजाराला राइंके इडीमा म्हणतात, डॉक्टर लोक घाईत "रिंकीज" म्हणतील, रिपोर्टवर हेच दिसेल.

धूर वर्षानुवर्षं लागत राहिला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. त्या जागेतून पाणी निघून जायची सोय फार कमी आहे, त्यामुळे जे साचतं ते साचूनच राहतं, आणि काही वर्षांत त्याचा घट्ट चिकट गर होतो. मग कॉर्ड पाण्याच्या पिशवीसारखी फुगते. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना, एकीकडे कमी एकीकडे जास्त असं असतं.

तंबोऱ्यात खर्जाची तार जाड असते म्हणून ती सावकाश हलते आणि स्वर खाली लागतो, इथेही तेच. बाईच्या बोलण्यात कॉर्ड साधारण सेकंदाला १८० ते २२० वेळा हलतात, पुरुषांच्या १०० ते १३० वेळा. ताईंची मी मोजली तेव्हा १२८ आली. म्हणजे समोरच्याचा कान चुकत नव्हता, आवाज खरोखरच पुरुषाच्या पट्टीत जाऊन बसला होता. पुरुषांनाही हा आजार होतो, पण त्यांचा आवाज अजून थोडा जाड झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, बाई मात्र लगेच ऐकू येते, म्हणून दवाखान्यात बायकाच जास्त दिसतात.

विडी असो, सिगारेट असो, दोन्हीने हे होतं. मिश्री लावणाऱ्या बाईला मात्र या कारणाने हे होत नाही, तिथे धूर आत जात नाही, पण मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो त्यामुळे "सिगारेट सोडून मिश्री घेते" हा उपाय कुणी करू नका, मला असं विचारणाऱ्या बायका भेटल्यात म्हणून लिहिलं.

पहिली पायरी: दुर्बीण, बाकी सगळं नंतर

धूम्रपान करणाऱ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल तर ईएनटी डॉक्टरकडून स्वरयंत्र बघून घ्यायचं, यात चालढकल नको. कारण आवाज ऐकून सूज की गाठ की कॅन्सर हे मलाही सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. सूज स्वतः कॅन्सर नाही, पण ज्या धुराने सूज आली त्याच धुराने स्वरयंत्राचा कॅन्सरही होतो, दोन्ही एकाच घशात असू शकतात.

तपासणीला लोक उगाच घाबरतात. एक प्रकार म्हणजे तोंडातून आत घालायची सरळ दुर्बीण, डॉक्टर जीभ कापडाने धरतात आणि "ई" म्हणायला लावतात. दुसरा प्रकार नाकातून घालायची लवचिक बारीक नळी, आधी नाकात बधिर करायचा स्प्रे मारतात. दोन्हीला पाचेक मिनिटं लागतात, दुखत नाही, उबळ येते एवढंच. जमलं तर स्ट्रोबोस्कोपी असलेल्या ठिकाणी जा, त्यात लुकलुकत्या प्रकाशामुळे कॉर्डची हालचाल सावकाश दिसते आणि कुठला भाग हलतोय, कुठला अडकलाय ते कळतं. मेडिकल कॉलेजच्या आणि मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या ईएनटी विभागात दुर्बिणीची सोय असतेच. व्हिडिओ मागून घ्या आणि जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक तपासणीला तुलनेसाठी लागतो.

ताईंच्या व्हिडिओत दोन्ही कॉर्ड फिक्कट, करड्या, अर्धपारदर्शक, फुगलेल्या, आणि श्वास घेताना आत-बाहेर फडफडणाऱ्या दिसल्या. हे अगदी नमुनेदार चित्र. सूज कॉर्डच्या पुढच्या दोन तृतीयांश भागापर्यंत एकमेकींना टेकत होती, म्हणजे सुजेच्या तीन टप्प्यांपैकी मधला. पूर्ण लांबीभर टेकत असेल तर तो तिसरा. पांढरा चट्टा किंवा लाल खरबरीत भाग दिसला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, मग त्याचा तुकडा तपासायलाच लागतो आणि वाट बघायचा प्रश्नच उरत नाही.

आणि हे असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता जायचं: श्वास घेताना घुरघुर किंवा शिट्टीसारखा आवाज, थुंकीत रक्त, गिळताना दुखणं, एकाच कानात ठणका, मानेत गाठ, कारण नसताना वजन उतरणं. श्वासाला आवाज येत असेल तर थेट इमर्जन्सीत, कारण सूज फार मोठी झाली तर श्वासाची वाटच अडते, हे कमी वेळा होतं पण होतं.

दुसरी पायरी: थायरॉइड आणि अ‍ॅसिडिटी

टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी करून घ्या. थायरॉइड कमी असेल तरी कॉर्ड सुजतात आणि आवाज जाड होतो, पन्नाशीच्या आसपासच्या बायकांमध्ये हे खूप सापडतं, आणि ते तसंच राहिलं तर ऑपरेशन करूनही निकाल अर्धवट येतो. ताईंचं नॉर्मल निघालं.

पोटातलं अ‍ॅसिड वर येऊन कॉर्डना लागतं तेही सुजेत भर घालतं. छातीत जळजळ असेल तर डॉक्टर अ‍ॅसिड कमी करणारी गोळी देतात, ती सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी उपाशीपोटी घ्यायची, चहाबरोबर घेतली तर तिचा उपयोग कमी होतो. जेवण आणि झोप यांच्यात तीन तास, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून पाचसहा इंच उंची, नुसती जास्तीची उशी नाही, उशीने पोट दुमडतं. जळजळ अजिबात नसेल तर महिनोन् महिने गोळी खात बसण्यात अर्थ नाही असं माझं मत आहे, थोडे आठवडे बघून फरक नसेल तर डॉक्टरांना विचारून बंद करा.

गुळण्यांचं इथेच सांगते. गुळणीचं पाणी कॉर्डपर्यंत पोचतच नाही, पोचलं तर ठसका लागेल. ज्येष्ठमध, खडीसाखर यांनी घशाला बरं वाटतं, ते घ्यायला हरकत नाही, पण ते जातं अन्ननलिकेत आणि सूज आहे श्वासाच्या वाटेवर. आणि ज्येष्ठमध रोज खूप खाल्लं तर बीपी वाढतं, बीपीवाल्यांनी सांभाळून.

तिसरी पायरी: सिगारेट, आणि ही ऑपरेशनच्या आधी

बऱ्याच जणी म्हणतात आधी ऑपरेशन करून टाका, मग सोडते. उलटं करायचं. ऑपरेशननंतर सिगारेट चालू राहिली तर सूज परत भरते आणि दुसऱ्या वेळी आत ओरखडा, व्रण तयार व्हायची भीती वाढते, तो व्रण कुणाला काढता येत नाही. म्हणूनच बरेचसे सर्जन श्वासाचा किंवा कॅन्सरचा प्रश्न नसेल तर आधी सोडायला लावतात आणि मगच तारीख देतात, ते योग्यच करतात.

ताईंनी कसं केलं ते सांगते. त्यांची पहिली सिगारेट उठल्यावर दहा मिनिटांत असायची, म्हणजे निकोटिनची ओढ जबरदस्त. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्यांना लागते त्यांना २ मिलीग्रॅमचं निकोटिन गम पुरत नाही, ४ मिलीग्रॅमचं लागतं, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्या. आणि गम च्युइंगमसारखं चघळायचं नाही, इथेच सगळे चुकतात. सावकाश थोडं चावायचं, जीभ चुणचुणली की गालात दाबून ठेवायचं, चुणचुण गेली की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. भराभर चावलं तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते, आणि जळजळ तर आपल्याला नकोच आहे. गमच्या पंधरा मिनिटं आधी आणि तोंडात असताना चहा-कॉफी नाही, त्याने निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे चहा आणि सिगारेट एकत्रच असते त्यामुळे हा नियम सगळ्यात जड जातो, ताईंनी सकाळचा चहाच अर्धा तास पुढे ढकलला.

गमने अ‍ॅसिडिटी होत असेल तर निकोटिनचा पॅच, किंवा डॉक्टर गोळ्या देऊ शकतात. हार्टचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नका. सरकारची फुकट क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, तिथे समुपदेशक बोलतात. व्हेपचा विचार सोडा, भारतात २०१९ पासून ई-सिगारेट विकायला बंदी आहे आणि कॉर्डना वाफ लागायची ती लागतेच.

दुसऱ्या महिन्यात भाचीच्या लग्नात त्यांनी दोन सिगारेटी ओढल्या आणि मला फोन करून "सगळं वाया गेलं का" विचारलं. नाही गेलं. दुसऱ्या दिवशी परत गम सुरू, तारीख परत मोजायची नाही, पुढे चालायचं. फक्त तो प्रसंग कुठला होता ते लिहून ठेवलं आम्ही, रात्री उशिरा, बाहेर उभं राहून, जुन्या मैत्रिणीबरोबर, आणि पुढच्या तशा प्रसंगाला खिशात गम ठेवायचं ठरलं.

एक प्रामाणिकपणे सांगते. सिगारेट सोडल्यावर सूज वाढायची थांबते, आवाजातली खरखर आणि खोकला बऱ्यापैकी कमी होतो, आणि सूज अगदी सुरुवातीची असेल तर तेवढ्यावरच भागू शकतं. पण वर्षानुवर्षं साचून घट्ट झालेला गर आपोआप विरघळून जात नाही. सूज उतरवायच्या गोळ्यांनीही जात नाही, स्टेरॉइडने चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच. हे आधी माहीत नसलं की बाया तीन महिन्यांनी निराश होतात आणि परत ओढायला लागतात.

चौथी पायरी: आवाजाची थेरपी, ज्यात मी येते

थेरपीने गर निघत नाही, हेही स्पष्ट सांगते. मग कशासाठी? जड झालेली कॉर्ड हलवायला बाई मानेचा, गळ्याचा जोर लावायला शिकलेली असते, सारखं खाकरते, आणि तो जोर ऑपरेशननंतरही सवयीने चालू राहतो. तो आधी सोडवायचा.

माझा आवडता व्यायाम साधा आहे. ग्लासात अर्धं पाणी, त्यात स्ट्रॉ दोनतीन सेंटीमीटर बुडवून "ऊ" असा आवाज काढत फुंकायचं, बुडबुडे एकसारखे यायला हवेत, गालात आणि ओठात कंप जाणवला पाहिजे, गळ्यात ताण नाही. बुडबुडे तुटक येत असतील तर श्वास कमी पडतोय, मानेच्या शिरा दिसत असतील तर जोर जास्त लागतोय. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून चारपाच वेळा. खाकरावंसं वाटलं की एक घोट पाणी गिळायचं. आणि कुजबुजायचं नाही, लोकांना वाटतं कुजबुज म्हणजे आराम, पण बऱ्याच जणांच्या गळ्यात कुजबुजताना उलट जास्त ताण येतो, हळू आवाजात नीट बोलणं त्यापेक्षा चांगलं.

मोबाइलवर दर पंधरा दिवसांनी एकच उतारा वाचून रेकॉर्ड करा, सकाळी त्याच वेळेला. रोजच्या ऐकण्यात फरक कळत नाही, रेकॉर्डिंगमध्ये कळतो. ताईंचा आवाज चार महिन्यांनी १२८ वरून १४१ वर आला, खरखर निम्मी झाली, पण फोनवर अजून "सर" च.

पाचवी पायरी: ऑपरेशन करायचं का

इथे एक गोष्ट फार थोडे डॉक्टर विचारतात: तुम्हाला तुमचा आवाज बदलायचाय का? श्वासाला अडथळा नाही, संशयास्पद चट्टा नाही, आणि बाईला तो जाड आवाज आपलासा वाटतो, तर ऑपरेशन नाही केलं तरी चालतं, फक्त दुर्बिणीची तपासणी चालू ठेवायची. ताईंना बदलायचा होता, कामच फोनवरचं, म्हणून चार महिने बिनसिगारेटचे झाल्यावर ठरलं.

ऑपरेशनला मायक्रोलॅरिंगोस्कोपी म्हणतात, फाइलवर एमएलएस लिहितात. पूर्ण भूल, बाहेरून कुठेही काप नाही, तोंडातून धातूची नळी घालून वरून मायक्रोस्कोपने बघत काम करतात. सर्जन कॉर्डच्या वरच्या बाजूला बारीक चीर देतो, आतला गर शोषून काढतो, जास्तीचं आवरण कापतो आणि उरलेलं आवरण परत जागेवर नीट बसवतो. सगळा गर काढायचा नसतो, थोडा ठेवायचाच, कारण कॉर्ड हलायला तोच लागतो. पूर्वी सगळं आवरणच सोलून काढायचे, त्याने कॉर्ड कडक व्हायची आणि आवाज जाड होता त्याऐवजी पातळ, फुसका, कोरडा व्हायचा, तो दुरुस्त करणं अवघड. म्हणून सर्जनला दोन प्रश्न सरळ विचारा: आवरण राखून करणार ना? आणि दोन्ही बाजू एकदम करणार असाल तर पुढे जिथे त्या जुळतात तो भाग सोडणार ना? तिथे दोन्हीकडे जखम झाली तर बरं होताना त्या एकमेकींना चिकटतात आणि मध्ये पडदा तयार होतो. काही सर्जन याच भीतीने एका वेळी एकच बाजू करतात. लेझरने करा की हत्याराने, मला विचाराल तर हात कुणाचा आहे ते जास्त महत्त्वाचं.

काढलेला भाग पॅथॉलॉजीला गेला पाहिजे आणि रिपोर्ट तुमच्या हातात आला पाहिजे, सूज साधीच दिसत असली तरी. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिगारेटची खरी संख्या सांगा, सासूबाई शेजारी बसल्यात म्हणून "कधीतरी" म्हणू नका. हलणारा दात असेल तर तोही सांगा, धातूची नळी दातांवर टेकते. नंतर जीभ काही दिवस बधिर वाटणं किंवा चव बदलणं होऊ शकतं, ते सहसा आपोआप जातं. ताईंना दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

सहावी पायरी: मौन

किती दिवस गप्प राहायचं यावर सर्जनांचं एकमत नाही, तीन दिवस ते आठवडा असं सांगतात, तुमच्या सर्जनने जे सांगितलं ते पाळा. या दिवसांत बोलणं नाही, कुजबुज नाही, खाकरणं नाही, गुणगुणणं नाही. ताईंनी पाटी घेतली आणि ऑफिसात सात दिवसांची रजा आधीच टाकली, घरातल्यांना सांगून ठेवलं की दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका, कारण हाकेला ओ द्यायचं तोंडातून निघूनच जातं.

आठव्या दिवशी आम्ही सुरुवात केली ती बोलण्याने नाही, स्ट्रॉने. मग दिवसाला पाच मिनिटं, मग दहा, फोनवर तिसऱ्या आठवड्यानंतर. पहिले दोनतीन आठवडे आवाज फाटका, कधी गायब, कधी अचानक उंच असा येतो. तेव्हा सगळ्याच घाबरतात की ऑपरेशन फसलं, फसलेलं नसतं, आवरण चिकटून परत हलायला वेळ लागतो. आवाज स्थिर व्हायला दोन ते तीन महिने धरा. पण सहा आठवड्यांनंतरही आवाज नुसता हवेसारखा येत असेल किंवा बोलताना दर वेळी दम लागत असेल तर परत स्ट्रोबोस्कोपी करून घ्या, व्रण पडलाय का ते लवकर कळलेलं बरं.

ताईंचा आवाज तिसऱ्या महिन्यात १७२ वर आला. तरुणपणीचा नाही आला, तो बहुतेक वेळा येतही नाही, थोडा भरदार राहिला. स्वतःच्या रेकॉर्डिंगमध्ये तो ऐकून त्या गप्प बसून राहिल्या, मग म्हणाल्या हा माझ्या आईसारखा लागतोय.

त्यानंतर

दुर्बिणीची तपासणी साधारण दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, आणि मग डॉक्टर सांगतील तशी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. सिगारेट सुटली तरी जुन्या धुराचा धोका एकदम शून्यावर येत नाही, त्यामुळे आवाज छान आहे म्हणून ही तपासणी बुडवू नका. सूज परत येतेय हे आधी सकाळच्या आवाजात कळतं, पहिला अर्धा तास जाड आणि मग मोकळा, आणि वरचे स्वर लागेनासे होतात, आरतीत नेहमीची पट्टी जमत नाही असं होतं. असं दोनतीन आठवडे राहिलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, जुना व्हिडिओ घेऊन जा.